तीन गोळ्या आणि कोरडं तोंड

खालच्या जबड्यातले पुढचे दात सहसा किडत नाहीत. दाढा किडतात, वरच्या दातांच्या फटी किडतात. पण खालचे पुढचे सहा दात मात्र, बाकीचं तोंड रिकामं झालं तरी, बऱ्याच म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात तग धरून असतात. म्हणूनच हे दात वर्षा-दीड वर्षात हिरडीलगत तपकिरी पडून पोखरायला लागले, की अनुभवी दंतवैद्य दात कसे घासता हे विचारायच्या आधी विचारतो, "गोळ्या कुठल्या कुठल्या चालू आहेत?"

दात किडण्याचा आणि पायाच्या जळजळीवर घेतलेल्या गोळीचा काय संबंध? तो समजून घ्यायला एक उदाहरण घेऊ. दवाखान्यात अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या अनेकांचं मिळून ते बनवलं आहे, त्यामुळे यातल्या काकू कोणी एक बाई नाहीत.

काकूंचं वय अडुसष्ट. मधुमेह जुना, रक्तदाब थोडा चढा. वरची पूर्ण कवळी सात वर्षांपासून बसवलेली, खाली पुढचे सहा दात स्वतःचे. गेल्या वर्षभरात तक्रारी एकामागून एक सुरू झाल्या. भाकरीचा घास तोंडात फिरतो, पण उतरत नाही. रात्री उशाशी तांब्या लागतो. आमटी अळणी लागते, म्हणून वरून मीठ. पूर्वी छान बसणारी कवळी बोलता बोलता सुटते आणि टाळूला घासून आग होते. मुलगा म्हणतो, "आई, तू पाणीच कमी पितेस." काकू म्हणतात, "वय झालं रे." दोघांचंही निदान चुकलेलं आहे. निरोगी माणसाच्या लाळेत वयामुळे होणारी घट सहसा इतकी मोठी नसते. आणि पाणी तर त्या दिवसभर पितात.

## लाळ येते कुठून

लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आहेत. पहिली कानाच्या पुढे, गालात. गालगुंडात सुजते ती हीच. तिची नळी वरच्या दाढांसमोर गालाच्या आतल्या बाजूला उघडते. दुसरी जबड्याच्या हाडाखाली आणि तिसरी जिभेखाली. या दोन्हींची लाळ जिभेच्या खाली, बरोबर खालच्या पुढच्या दातांच्या मागे येऊन साचते. याशिवाय ओठ, गाल आणि टाळूच्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी विखुरलेल्या असतात. त्यांची लाळ मोजायला गेलं तर थोडीच, पण बुळबुळीत, चिकट. या चिकटपणाचं महत्त्व कवळीपाशी आल्यावर कळेल.

काही खात नसताना, नुसतं बसलेलं असताना, निरोगी तोंडात मिनिटाला सुमारे ०.३ मिलिलिटर लाळ येते. खाताना ती कित्येक पटींनी वाढते आणि झोपेत जवळजवळ थांबते. दिवसाचा हिशेब साधारण अर्धा ते दीड लिटर सांगितला जातो. ही सगळी लाळ आपण नकळत गिळत असतो, म्हणून ती असते तोवर तिच्याकडे लक्षच जात नाही.

गंमत अशी की लाळ थोडी कमी झाली तर ते जाणवतही नाही. नेहमीच्या प्रमाणाच्या साधारण निम्म्यावर आली, की मगच 'तोंडाला कोरड पडते' ही तक्रार सुरू होते. म्हणजे काकूंनी तक्रार केली तोवर निम्मी लाळ गेलेलीच असणार. उलटही घडतं: काहींना तोंड कोरडं वाटतं, पण मोजल्यावर लाळ पुरेशी निघते. त्यामुळे नुसत्या वाटण्यावर भागत नाही, मोजून पाहावं लागतं.

घरी लाळ कशी मोजाल?

*सकाळी, खाऊन-पिऊन आणि दात घासून किमान तासभर झाल्यावर शांत बसा. तोंडातली लाळ एकदा गिळून टाका आणि घड्याळ लावा. मान थोडी पुढे झुकवून पुढची पाच मिनिटं काही न गिळता, न बोलता, तोंडात जमेल ती लाळ औषधाच्या बाटलीसोबत मिळणाऱ्या छोट्या मापात ओघळू द्या. जोर करून थुंकू नका. शेवटी सुईविना सिरिंजमध्ये ओढून घेऊन मोजा.*

*साधारण दीड मिलिलिटर भरली तर उत्तम. पाच मिनिटांत अर्धा मिलिलिटर किंवा त्याहून कमी निघाली, तर लाळ खरोखरच कमी आहे. हा आकडा कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा.*

*इतरही खुणा आहेत. पाण्याशिवाय बिस्किट गिळता येत नाही. चमच्याची पाठ गालाला आतून लावली तर ती सहज सरकत नाही, चिकटते. जीभ वर उचलल्यावर खाली लाळेचं डबकं दिसत नाही, दिसला तर नुसता फेस.*

## निरोप अडतो कुठे

ग्रंथी आपणहून लाळ गाळत बसत नाहीत. त्यांना मेंदूकडून मज्जातंतूंमार्फत निरोप यावा लागतो. मज्जातंतूच्या टोकाला ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं आणि ग्रंथीच्या पेशीवर त्याच्यासाठी असलेल्या ठरावीक जागी जाऊन बसतं. ते बसलं की पेशी क्षार बाहेर सोडते, क्षारांमागोमाग पाणी येतं, आणि लाळ वाहू लागते. चिंचेच्या नुसत्या आठवणीने तोंडाला पाणी सुटतं, ते याच वाटेने.

आता त्या जागेवर आधीच दुसरं काही बसलं असेल तर? धोतऱ्याचं बी पोटात गेलेल्या माणसाचं तोंड सुकून जातं, बुबुळं विस्फारतात, तो बरळायला लागतो, हे गावाकडे जुन्या लोकांना माहीत आहे. धोतऱ्यात ॲट्रोपिन असतं. ते ॲसिटिलकोलिनच्या जागा अडवतं, पण पेशीला कामाला मात्र लावत नाही. ग्रंथी धडधाकट, रक्तपुरवठा चांगला, शरीरात पाणीही भरपूर. तरी लाळ येत नाही, कारण निरोपच पोचत नाही.

काकूंच्या तीन गोळ्या, प्रत्येक आपापल्या कारणासाठी योग्य असूनही, हेच करतात. पायांची आग होते म्हणून रात्री अमिट्रिप्टिलिन, २५ मिलिग्रॅम. हे मुळात नैराश्यावरचं औषध, पण मधुमेहातल्या नसांच्या वेदनेला कमी मात्रेत उपयोगी पडतं. लघवी धरवत नाही म्हणून सोलिफेनासिन. मूत्राशयाचे स्नायूही ॲसिटिलकोलिनच्या निरोपावरच आवळतात, तो निरोप अडवला की लघवीची घाई कमी होते. तिसरी सर्दीची गोळी. सकाळी शिंका येतात म्हणून काकू ती औषधाच्या दुकानातून घेतात आणि 'औषधं कुठली घेता' या प्रश्नाच्या उत्तरात तिचं नावही काढत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते औषधच नाही. तिच्यात क्लोरफेनिरामिन आहे. त्याचं मुख्य काम वेगळं असलं तरी ॲसिटिलकोलिनच्या जागाही ते अडवतं.

एकेका गोळीने कदाचित भागलं असतं. तीन मिळून भार वाढतो, आणि लाळेचं प्रमाण खालच्या रेषेच्याही खाली जातं. माझ्या मते घोटाळा होतो तो इथे. मधुमेहाचे डॉक्टर वेगळे, लघवीचे वेगळे, औषधाच्या दुकानातला माणूस तिसरा. कोणी चुकलेलं नाही, पण तिन्ही गोळ्या एका टेबलावर मांडून कोणी पाहिलेल्या नाहीत.

यादी इथेच संपत नाही. मनोविकारांवरची काही औषधं, पार्किन्सनमध्ये दिलं जाणारं ट्रायहेक्सिफेनिडिल, पोटदुखीवरचं डायसायक्लोमिन, दम्यासारख्या विकारात ओढायचं टायोट्रोपियम, ही सगळी याच प्रकारातली. लघवी वाढवून रक्तदाब उतरवणाऱ्या गोळ्याही तोंड कोरडं करतात, पण वेगळ्या कारणाने. आणि साखर ताब्यात नसेल तर वारंवार लघवी होऊन शरीरातलंच पाणी घटतं. म्हणून काकूंची साखर तपासणं हे पहिलं काम. ती ठीक निघाली, की मग गोळ्यांकडे वळायचं.

## दातांचं घड्याळ बिघडतं

दातांवर जंतूंचा पातळ थर कायम असतो. गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की हे जंतू त्याचं आम्ल करतात. आम्लता पीएच या आकड्याने मोजतात. ७ म्हणजे ना आम्ल ना अल्कली, आणि आकडा जितका खाली तितकं आम्ल जास्त. दाताचं वरचं कवच, म्हणजे एनॅमल, साधारण ५.५ च्या खाली विरघळायला लागतं.

१९४० च्या दशकात रॉबर्ट स्टीफन या अमेरिकी संशोधकाने साखरेच्या पाण्याने चूळ भरल्यावर दातांवरच्या थराचा पीएच मोजला. तो काही मिनिटांतच धाडकन खाली येतो आणि मग हळूहळू, अर्ध्या ते एका तासात, पूर्वीच्या जागी जातो, असं दिसलं. वर चढवण्याचं हे काम मुख्यतः लाळेचं. ती उरलेली साखर धुऊन नेते, तिच्यातलं बायकार्बोनेट आम्ल मारतं, आणि तिच्यात विरघळलेलं कॅल्शियम व फॉस्फेट दाताच्या झिजलेल्या पृष्ठभागावर परत बसतं. थोडी झीज, थोडी भर, असं दिवसातून अनेकदा चालतं आणि एकूण हिशेब बरोबरीत सुटतो. लाळ नसेल तर पीएच खाली येतो आणि खालीच रेंगाळतो. झीज चालू राहते, भर होत नाही.

उतारवयात यात आणखी एक भर पडते. हिरड्या खाली सरकून दाताचं मूळ उघडं पडलेलं असतं. मुळावर एनॅमल नसतं, आतलं डेंटिन असतं. ते एनॅमलपेक्षा नरम, आणि सुमारे ६.२ ते ६.७ पीएचलाच विरघळायला लागतं. म्हणजे ज्या सौम्य आम्लाने एनॅमलला काही होत नाही, त्यानेही मूळ किडतं. म्हणून कोरड्या तोंडातली कीड दाताच्या डोक्यावरच्या खाचांत नसून हिरडीलगत, गळ्याभोवती पट्ट्यासारखी दिसते. कॅप बसवलेल्या दाताच्या कडेखाली ती घुसते, कधी दातांच्या धारेवरही येते. अशा जागी कीड दिसली की लाळेचा संशय घ्यावा.

आणि खालचे पुढचे दात? ग्रंथींच्या नळ्या अगदी त्यांच्या मागे उघडतात, म्हणून ते सतत ताज्या लाळेत न्हात असतात. त्यांच्या मागच्या बाजूला किटण लवकर धरतं, तेही याच लाळेतल्या क्षारांमुळे. ज्यांना सगळ्यात जास्त लाळ मिळायची तेच किडू लागले, तर लाळ आटली याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

आता काकूंच्या पर्समधली लिमलेटची गोळी. तोंड सुकलं की माणूस काहीतरी चघळतो. कोणी खडीसाखर तोंडात धरतं, कोणी साखर लावलेली बडीशेप, कोणी आवळ्याची कँडी. बरं वाटतं, कारण आंबट-गोड चवीने उरलीसुरली लाळ जरा सुटते. पण हिशेब करून पाहा. काकू दिवसाकाठी आठ गोळ्या खातात असं धरू. एक गोळी विरघळायला दहा मिनिटं, आणि लाळ नसल्याने त्यानंतर तासभर तरी आम्ल हटत नाही. आठ गोळ्यांत जागेपणाचे नऊ-दहा तास दात आम्लात बुडालेले. शेवटची गोळी झोपताना असेल तर ती सगळ्यात वाईट, कारण रात्री लाळ जवळजवळ बंदच असते. काकूंच्या दातांचं नुकसान गोळ्यांनीच केलं, पण त्यात डॉक्टरांच्या गोळ्यांइतकाच या गोळ्यांचाही हात आहे.

मिश्रीचंही इथेच सांगून टाकतो. तोंड बेचव झालं की हिरड्यांवर मिश्री फिरवणाऱ्या बायका अजूनही पुष्कळ आहेत. तंबाखूचे बाकी धोके राहू द्या. उघड्या पडलेल्या नरम मुळांवर ती खसाखसा घासली तर मुळाशी खाचा पडतात, आणि त्या खाचांत कीड निवांत बसते.

## आमटी अळणी का लागते

जीभ स्वच्छ फडक्याने पुसून कोरडी करा आणि तिच्यावर साखरेचे चार दाणे ठेवा. पहिले काही क्षण गोड लागत नाही. लाळ येऊन दाणे विरघळले, की मगच चव कळते. चवीच्या कळ्या जिभेच्या उंचवट्यांमध्ये बारीक छिद्रांच्या आत असतात. कोरडा कण तिथे पोचत नाही, विरघळलेला पोचतो. मिठाचं तर आणखी खास. लाळेच्या नळ्या वाटेत तिच्यातलं मीठ रक्तात परत घेतात, म्हणून लाळ रक्तापेक्षा पुष्कळ अळणी असते. जीभ सतत अशा अळणी द्रवात भिजलेली असल्याने आमटीतलं थोडंसं मीठही तिला लगेच कळतं.

लाळ कमी झाल्यावर कोरड्या पदार्थांची चव आधी जाते. भाकरी, पोळी, बिस्किटं नुसती भुशासारखी लागतात. याउलट तिखट आणि आंबट मात्र जास्त झोंबतात, कारण तोंडाच्या अस्तरावरचा लाळेचा संरक्षक लेप गेलेला असतो. म्हणून अशी माणसं एकाच वेळी 'चव लागत नाही' आणि 'तोंड भाजतं' अशा दोन तक्रारी करतात. घरच्यांना ते नाटक वाटतं. ते नाटक नाही. धोका पुढे आहे. चव यावी म्हणून काकू वरून मीठ घेतात, ते रक्तदाबाला नको. चहात साखर वाढवतात, ती मधुमेहाला नको, दातांना तर नकोच.

चव बिघडण्याला नेहमी कोरडेपणाच जबाबदार असतो असंही नाही. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने काहींच्या तोंडात धातूसारखी चव येते. तोंडात बुरशी वाढली तरी चव जाते. फरक ओळखायची एक साधी रीत आहे: भाकरी आमटीत कुस्करून खाल्ली आणि चव बऱ्यापैकी परत आली, तर दोष कोरडेपणाचा. ओल्या पदार्थालाही विचित्र चव लागत असेल, तर कारण दुसरीकडे शोधावं.

## कवळी लाळेवर बसते

कवळी बसते कशी, याविषयी गैरसमज पुष्कळ. मापाने घट्ट बसते, हे अर्धंच खरं. धुतलेल्या दोन सपाट ताटल्या ओल्याच एकीवर एक ठेवल्या, तर त्या एकमेकींवरून सरकतात, पण सरळ उचलून वेगळ्या करायला गेलं तर सुटत नाहीत. मधला पाण्याचा पातळ थर त्यांना धरून ठेवतो. वरची कवळी आणि टाळू यांच्यात लाळेचा असाच पातळ थर असतो. कवळीची कड गालाच्या आणि टाळूच्या अस्तराला नीट टेकलेली असेल, तर या थरात हवा शिरत नाही आणि कवळी खाली पडत नाही. थर जितका पातळ आणि सलग, आणि लाळ जितकी चिकट, तितकी पकड चांगली. टाळूतल्या त्या बारीक ग्रंथींची बुळबुळीत लाळ इथे कामाला येते.

खालच्या कवळीची परिस्थिती मुळातच नाजूक. तिला टाळूसारखा रुंद आधार नाही, टेकायची जागा वरच्यापेक्षा कितीतरी कमी, त्यात जीभ सारखी धक्के देते. म्हणून लाळ आटली की पूर्ण कवळी असलेल्यांना आधी खालची त्रास देते.

लाळेचं दुसरं काम वंगणाचं. घास चावताना कवळी अगदी किंचित हलतेच. मधे लाळ असली तर ती सरकते, नसली तर अस्तर खरवडते. मग लाल चट्टे, छोटे व्रण. त्यातच लाळेतले जंतूंना आवर घालणारे घटक कमी झाल्याने कॅन्डिडा नावाची बुरशी फोफावते. कवळीच्या खाली, बरोबर कवळीच्या आकाराचा लाल मखमली पट्टा दिसतो, ओठांचे कोपरे फाटतात. साखर चढी असेल तर आणखी जोरात. यावर तोंडात लावायचं मायकोनॅझोल जेल दिलं जातं. पण रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफॅरिनसारखं औषध चालू असेल, तर हे जेल त्याचा परिणाम धोकादायक रीतीने वाढवतं. ते आधी डॉक्टरांना सांगायलाच हवं.

काकूंची कवळी सैल झाली की तोंड कोरडं झालं, हे कसं ओळखायचं? कवळी पाण्यात बुडवून ओलीच बसवायची. बसवल्यावर थोडा वेळ घट्ट राहिली आणि सुकल्यावर सुटली, तर मुख्य दोष लाळेचा. ओली असतानाही डुगडुगत असेल, तर सात वर्षांत जबड्याचं हाड झिजून मापच बदललेलं आहे. मग आतून नवा थर भरून घ्यावा लागतो, किंवा नवी कवळी. काकूंच्या बाबतीत थोडं थोडं दोन्ही निघण्याचीच शक्यता जास्त.

कवळी धरून ठेवणारी पेस्ट मिळते, तिचा उपयोग होतो, पण कोरड्या तोंडात पावडरीपेक्षा क्रीम बरं, कारण पावडर चिकट व्हायला ओलावाच लागतो. तीन-चार थेंबांइतकं क्रीम पुरतं. बसत नाही म्हणून ट्यूबच्या ट्यूब संपवणं वाईट. जस्त असलेल्या क्रीमचा असा अति वापर वर्षानुवर्षं केल्याने शरीरातलं तांबं घटून नसांना इजा झाल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. आणि रात्री कवळी काढून, मऊ ब्रशने आणि साध्या साबणाने धुऊन, पाण्यात ठेवायची. उकळत्या पाण्यात नाही, तिचा आकार बिघडतो.

## आधी कुठली गोळी बदलायची

गोळ्यांमुळे आलेल्या कोरडेपणाची चांगली बाजू ही, की ग्रंथी शाबूत असतात. अडथळा दूर झाला की लाळ काही दिवसांत किंवा आठवड्यांत परतू लागते. पण गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. अमिट्रिप्टिलिन एकदम सोडलं तर मळमळ, बेचैनी, झोपमोड होते.

काकूंच्या गोळ्यांपैकी सगळ्यात आधी सुटण्याजोगी सर्दीची. तिची जागा मिठाच्या पाण्याने नाक धुऊन किंवा तोंड फारसं न सुकवणाऱ्या फेक्सोफेनाडिनसारख्या गोळीने भरून निघते. लघवीसाठी मिराबेग्रॉन हे वेगळ्या वाटेने काम करणारं औषध आहे. ते ॲसिटिलकोलिनला हात लावत नाही, मात्र रक्तदाब वाढवू शकतं, म्हणून काकूंचा रक्तदाब पाहूनच डॉक्टर ठरवतील. अमिट्रिप्टिलिनची मात्रा हळूहळू उतरवता येईल का, किंवा प्रिगॅबालिनसारखं दुसरं औषध चालेल का, हा तिसरा प्रश्न. तिन्ही एकदम बदलू नयेत. कोणत्या बदलाने काय झालं ते कळत नाही. दर बदलानंतर दोन-तीन आठवड्यांनी लाळ पुन्हा मोजायची. यासाठी सगळ्या गोळ्या, दुकानातून आणलेल्याही, एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरांसमोर ओतणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

लाळ परतेपर्यंत दात सांभाळायला लागतात ते फ्लोराइडने. आम्लाने झिजलेल्या जागी क्षार परत बसवायला ते मदत करतं. साध्या टूथपेस्टमध्ये दहा लाख भागांत सुमारे एक हजार भाग फ्लोराइड असतं. अशा रुग्णांना दंतवैद्य पाच हजार भागांची पेस्ट लिहून देतात आणि दर तीन महिन्यांनी दातांच्या मुळांना फ्लोराइडचा लेप लावतात. अनेक 'हर्बल' पेस्टमध्ये फ्लोराइड मुळीच नसतं, डबीवर वाचून घ्यावं. रात्री दात घासल्यावर फेस थुंकायचा, चूळ भरायची नाही. चूळ भरली की फ्लोराइड धुऊन जातं. पेस्ट झोंबत असेल तर कमी फेसाची मागावी.

लिमलेटच्या जागी झायलिटॉल असलेलं साखरविरहित च्युइंग गम. चघळण्याने उरलेल्या ग्रंथींना निरोप जातो, आणि झायलिटॉलचं आम्ल जंतूंना करता येत नाही. कवळीला गम चिकटत असेल तर तशाच गोळ्या. पाण्याचे घोट घ्यावेत, पण अपेक्षा बेताची ठेवावी. पाण्यात लाळेचा चिकटपणा नाही, ते क्षणात ओघळून जातं, आणि रात्री तांब्याभर पाणी प्यालं तर लघवीला उठणं वाढून लघवीच्या गोळीची गरजही वाढते. कृत्रिम लाळेचे फवारे आणि जेल मिळतात. जेल रात्री कवळी काढल्यावर तोंडाला आतून लावलं तर त्याचा ओलावा जास्त टिकतो. स्वतःचे दात असलेल्यांनी आंबट चवीचे फवारे टाळावेत. अल्कोहोल असलेले माउथवॉशही नकोत.

## ग्रंथीच बिघडते तेव्हा

सगळ्यांची गोष्ट काकूंसारखी सुटत नाही. काही आजारांत निरोप पोचतो, पण तो घेणारी ग्रंथीच उरत नाही. श्योग्रेन आजारात शरीराची प्रतिकारशक्ती लाळ आणि अश्रूंच्या ग्रंथींवरच उलटते. हेन्रिक श्योग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने १९३३ मध्ये तो सविस्तर मांडला. हा आजार बायकांत पुरुषांच्या कितीतरी पट आढळतो. तोंडाबरोबर डोळ्यांतही वाळू गेल्यासारखं खुपत असेल, कानापुढच्या ग्रंथी सुजत असतील, सांधे दुखत असतील, तर गोळ्या तपासत बसण्यापेक्षा आधी रक्ततपासणी करून घ्यावी. इथे पायलोकार्पिन हे औषध उपयोगी पडतं. ते ॲसिटिलकोलिनसारखंच ग्रंथीच्या जागी बसतं, आणि शिल्लक असलेल्या पेशींना कामाला लावतं. त्याने घामही खूप येतो, आणि ताब्यात नसलेला दमा किंवा काचबिंदूचा एक प्रकार असेल तर ते देत नाहीत. काकूंसारख्यांना ते देणं म्हणजे एका गोळीने जागा अडवायच्या आणि दुसरीने त्याच जागांसाठी भांडायचं.

दुसरा गट तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगावर किरणोपचार घेणाऱ्यांचा. तंबाखू आणि सुपारीमुळे आपल्याकडे तो मोठा आहे. किरणांच्या वाटेत लाळग्रंथी आल्या तर उपचाराच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासूनच लाळ घटते, दाट, तार धरणारी होते, आणि मात्रा जास्त गेली असेल तर पुरती परतत नाही. आताच्या यंत्रांवर किरणांची तीव्रता जागोजागी कमी-जास्त करून कानापुढची ग्रंथी बऱ्याच अंशी वाचवता येते, तेवढी पुढची कोरड कमी. या रुग्णांच्या बाबतीत दंतवैद्याची भेट किरणोपचारांच्या आधी व्हायला हवी, नंतर नाही. न वाचण्याजोगे दात सुरुवातीच्या किमान दोन-तीन आठवडे आधी काढून जखम भरू द्यायची असते, कारण किरण लागलेल्या जबड्याचा रक्तपुरवठा कमी होतो आणि तिथला दात नंतर काढला तर ती जागा न भरता हाड कुजू शकतं. जे दात ठेवले, त्यांच्यासाठी मापाचे पातळ प्लॅस्टिकचे साचे करून देतात. त्यात फ्लोराइडचं जेल घालून ते रोज काही मिनिटं दातांवर चढवायचे असतात, आणि हे काम आयुष्यभराचं असतं.